यादीत नाव घालण्याचा अधिकार

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१२ मध्ये सरफेस आरटी हा टॅबलेट बाजारात आणला. १०.६ इंचांचा पडदा, २ जीबी रॅम, मागे उघडणारी दांडी आणि पूर्ण आकाराचं यूएसबी पोर्ट. आत एनव्हिडियाची टेग्रा ३ ही एआरएम पद्धतीची चिप आणि तिच्यावर विंडोज आरटी. तो आजही चालू होतो, पडदा स्वच्छ दिसतो. पण विंडोज आरटी ८.१ ला मिळणारी सुरक्षा अपडेट १० जानेवारी २०२३ रोजी थांबली. ब्राउझर म्हणाल तर त्यावर इंटरनेट एक्सप्लोररच आहे. इतक्याच जुन्या साध्या लॅपटॉपचं काय करायचं हे आपल्याकडे कॉलेजातली मुलंही सांगतील : पेनड्राइव्हवर लिनक्स घ्या, तिथून बूट करा, जुनी सिस्टिम पुसा. सरफेस आरटीवर तेच करून पाहिलं तर काय होतं ते टप्प्याटप्प्याने बघू.

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा. त्यावर `\EFI\BOOT\` या फोल्डरात `BOOTARM.EFI` या नावाची फाईल ठेवायची. ३२ बिटांच्या एआरएम यंत्रासाठी यूईएफआय फर्मवेअर नेमकी याच नावाची फाईल शोधतं. टॅबलेट पूर्ण बंद करून, आवाज कमी करण्याचं बटण दाबून धरत पॉवर बटण दाबलं की तो पेनड्राइव्हकडे वळतो. फाईल सापडते, वाचलीही जाते. पण तिच्यातली पहिली सूचना चालवण्याआधी फर्मवेअर थांबून एक गोष्ट तपासतं, आणि त्या तपासणीत आपली फाईल नापास होते. पेनड्राइव्ह खराब नसतो, फाईलही बिघडलेली नसते. तिच्यावर हवी ती सही नसते, एवढंच.

ही तपासणी म्हणजेच सिक्युअर बूट. फर्मवेअर फाईलमधल्या सगळ्या बाइटांवर गणित करून एक ठरावीक लांबीचा आकडा काढतं, त्याला हॅश म्हणतात. फाईलमधला एक बाइट जरी बदलला तरी हा आकडा पार बदलतो. ज्याने फाईल बनवली त्याने हाच आकडा आपल्या खासगी किल्लीने सही करून फाईलला जोडलेला असतो. खासगी किल्ली त्याच्याकडेच राहते. तिची जोडीदार असलेली सार्वजनिक किल्ली मात्र प्रमाणपत्राच्या रूपात यंत्रात आधीपासून ठेवता येते, आणि तिच्या मदतीने सही खरी आहे का, फाईल मधल्या मध्ये बदलली आहे का, हे कळतं. सही पटली तर फाईल चालते. ती फाईल पुढच्या फाईलची सही तपासते, ती तिच्या पुढचीची, आणि अशी साखळी विंडोजच्या गाभ्यापर्यंत जाते.

ही तपासणी विनाकारण आलेली नाही. संगणक सुरू होताना सगळ्यात आधी जे चालतं, त्याची सत्ता नंतरच्या सगळ्यावर असते. २०१० च्या सुमारास टीडीएल४ सारखे व्हायरस डिस्कच्या अगदी पहिल्या भागात जाऊन बसत आणि विंडोज जागी होण्याआधीच तिचा ताबा घेत. मग वर कितीही चांगला अँटिव्हायरस घाला, त्याला तेच दिसणार जे व्हायरस दाखवेल. हे दार बंद करायला हवंच होतं. माझं भांडण तपासणीशी नाही. ज्या यादीच्या आधारे तपासणी होते ती यादी कोणाच्या ताब्यात आहे, हा माझा प्रश्न आहे.

ही यादी फर्मवेअरच्या स्मृतीत असते आणि तिचं नाव `db`. कोणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा ती प्रमाणपत्रं हिच्यात. तिच्या शेजारी `dbx`, म्हणजे काळी यादी : यांच्यावर सही असली तरी चालवू नका. या दोन याद्यांत भर घालायची तर ती विनंती `KEK` नावाच्या किल्लीने सही केलेली असावी लागते. `KEK` बदलायची तर त्यावर `PK` ची सही लागते. `PK` ही सर्वांत वरची किल्ली, आणि सरफेसवर ती मायक्रोसॉफ्टची. आपल्याकडे फ्लॅटचे पैसे पूर्ण भरून झाल्यावरही बिल्डर कन्व्हेयन्स करून देत नाही, आणि सोसायटीला स्वतःच्याच जमिनीबाबत त्याच्या सहीसाठी थांबावं लागतं. तशीच ही रचना आहे. राहायला कोणी अडवत नाही, पण काही बदल करायचा झाला की सही दुसऱ्याची लागते.

बहुतेक इंटेल किंवा एएमडी चिपच्या लॅपटॉपमध्येही याच चार गोष्टी असतात. तरी तिथे लिनक्स चढतं. त्याला दोन वाटा आहेत. पहिली सरळ : सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून फर्मवेअरच्या मेनूत जायचं, सिक्युअर बूट बंद करायचं. कुठे कुठे `PK` पुसून स्वतःची किल्लीही घालता येते, म्हणजे तपासणी चालूच राहते, फक्त यादी आपली. दुसरी वाट अशी की मायक्रोसॉफ्ट विंडोजसाठी एक प्रमाणपत्र वापरतं आणि इतरांच्या फाईलींवर सही करण्यासाठी वेगळं. त्या दुसऱ्याचं नाव `Microsoft Corporation UEFI CA 2011`. उबंटू, फेडोरासारख्या सिस्टिमची `shim` नावाची छोटी फाईल या दुसऱ्या प्रमाणपत्राखाली सही होऊन येते. बहुतेक लॅपटॉपांच्या `db` मध्ये दोन्ही प्रमाणपत्रं असतात, म्हणून सिक्युअर बूट चालू ठेवूनही उबंटू बसतो. `shim` मालकाला स्वतःची जादा किल्ली नोंदवू देतं. तेव्हा सुरुवातीला निळा पडदा येतो, त्यावर `Enroll MOK` निवडून आधी ठरवलेला पासवर्ड टाकावा लागतो.

या निळ्या पडद्यात आणि फर्मवेअरच्या मेनूत एक सामाईक गोष्ट आहे : दोन्हीसाठी माणूस यंत्रासमोर बसलेला लागतो. इंटरनेटवरून आलेला व्हायरस चालू विंडोजमधून हा मेनू उघडून बाण खाली नेऊ शकत नाही. त्यामुळे मालकाला बंद करण्याची मुभा दिली की सुरक्षेचा सगळा अर्थच गेला, हे म्हणणं टिकत नाही. यंत्र चोराच्या हाती पडलं तर तोही मेनूत जाईल, हा धोका खरा आहे. पण त्यासाठी मेनूला पासवर्ड लावता येतो, आणि तो पासवर्ड मालकाकडेच राहतो.

आता सरफेस आरटीकडे परत येऊ. वरच्या दोन्ही वाटा तिथे बंद आहेत. मेनूत सिक्युअर बूट बंद करण्याची सोयच नाही. आणि `db` मध्ये विंडोजचं `Microsoft Windows Production PCA 2011` आहे, पण इतरांसाठीचं ते दुसरं प्रमाणपत्र नाही. म्हणजे एखाद्या लिनक्सवाल्या संस्थेने एआरएमसाठी `shim` बनवून, हवी तितकी सव्यापसव्यं करून त्यावर ती दुसरी सही मिळवली, तरी हे फर्मवेअर ती ओळखणारच नाही.

हे नजरचुकीने झालेलं नाही. विंडोज ८ येण्याआधी, डिसेंबर २०११ मध्ये, मायक्रोसॉफ्टने यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांसाठी प्रमाणनाच्या अटी काढल्या. त्यात इंटेल पद्धतीच्या यंत्रांसाठी लिहिलं होतं की समोर बसलेल्या माणसाला सिक्युअर बूट बंद करता आलंच पाहिजे आणि किल्ल्या बदलताही आल्या पाहिजेत. एआरएम यंत्रांसाठी त्याच कागदावर नेमकं उलटं होतं : बंद करता येताच कामा नये. सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरने जानेवारी २०१२ मध्ये हा फरक लोकांपुढे आणला. त्याच्या काही महिने आधी सिक्युअर बूटवरून गदारोळ झाला होता, तेव्हा मायक्रोसॉफ्टने पीसीचा ताबा ग्राहकाकडेच राहील असं जाहीर सांगितलं होतं. इंटेल यंत्रांपुरतं ते अटीत उतरलं, एआरएमपुरतं उतरलं नाही.

व्हायरसचा धोका दोन्हीकडे सारखाच असताना नियम दोन का? मला यात तांत्रिक कारण दिसत नाही. इंटेल यंत्रांवर विंडोजचं जवळजवळ राज्य होतं. तिथे दुसऱ्या सिस्टिमला दार बंद केलं असतं तर मक्तेदारी तपासणाऱ्या सरकारी यंत्रणा लगेच उठल्या असत्या. एआरएमवर विंडोजचा वाटा तेव्हा शून्य होता. तिथे आधीच आयपॅड होता, त्यालाही कुलूप होतंच, आणि आम्ही जे बनवतो ते पीसी नसून उपकरण आहे असं म्हणायला वाव होता. पण उपकरण म्हणून विकलेली वस्तूसुद्धा ग्राहक पूर्ण पैसे देऊन विकत घेतो. बत्तीस जीबीचं मॉडेल कीबोर्डचं कव्हर न धरता ४९९ डॉलरला होतं.

कुलूप किती खोलवर आहे हे जानेवारी २०१३ मध्ये दिसलं. विंडोज आरटीच्या डेस्कटॉपवर मायक्रोसॉफ्टने सही केलेलेच प्रोग्रॅम चालत. एका संशोधकाने गाभ्याच्या स्मृतीतला एक आकडा बदलला. कमीत कमी कोणत्या पातळीची सही लागेल हे तो आकडा ठरवत होता. तो खाली आणला की एआरएमसाठी बनवलेले इतर प्रोग्रॅम चालू लागले. पण टॅबलेट बंद करून चालू केला की आकडा पुन्हा मूळ पदावर. बदल कायम करायचा तर डिस्कवरच्या सिस्टिमच्या फाईली बदलाव्या लागल्या असत्या, आणि बदललेल्या फाईलची सही जुळली नसती. म्हणून लोक दर वेळी सुरू झाल्यावर तोच बदल नव्याने करत राहिले. गाभ्यापर्यंत पोचलेल्या माणसालाही रीस्टार्टपलीकडे जाता येत नव्हतं.

हे कुलूप पुढे उघडलं, आणि ते मायक्रोसॉफ्टच्याच एका चुकीमुळे. विंडोजचा बूट मॅनेजर सिक्युअर बूटबरोबर एक धोरणपत्रिका वाचतो. हीसुद्धा सही केलेली छोटी फाईलच असते आणि कोणत्या सेटिंगला परवानगी आहे ते तिच्यात लिहिलेलं असतं. `testsigning` नावाचं एक सेटिंग आहे. ते चालू असेल तर कोणीही स्वतः बनवलेल्या किल्लीने सही केलेली फाईल चालते. विकसकांना ते उपयोगी असतं, पण सिक्युअर बूट चालू असताना धोरण ते नाकारतं. विंडोज १० च्या २०१६ च्या आवृत्तीवर काम करताना मायक्रोसॉफ्टने पुरवणी धोरण असा नवा प्रकार आणला. मूळ धोरण जसंच्या तसं ठेवून त्यात चाचणीपुरती सूट जोडायची, अशी कल्पना होती. अशा एका पुरवणीत `testsigning` ला परवानगी होती, आणि ती कोणत्या एका यंत्राशी बांधलेली नव्हती.

नवा बूट मॅनेजर पुरवणीला पुरवणी म्हणूनच वागवत होता. जुन्या बूट मॅनेजरला मात्र पुरवणी ही गोष्टच माहीत नव्हती. त्याला दिसलं ते एवढंच, की हे धोरण आहे आणि त्यावरची सही अस्सल मायक्रोसॉफ्टची आहे. त्याने ते मूळ धोरण म्हणून स्वीकारलं. सरफेस आरटीवर असा जुना बूट मॅनेजर होताच. दोन संशोधकांनी ऑगस्ट २०१६ मध्ये हे सगळं जाहीर केलं. वर्तमानपत्रांनी त्याला सोन्याची किल्ली म्हटलं, पण खासगी किल्ली फुटलेली नव्हती. सही करणाऱ्याने चुकीच्या कागदावर सही केली होती, आणि तो कागद बाहेर पडला होता.

मायक्रोसॉफ्टने जुलै आणि ऑगस्ट २०१६ मध्ये दोन दुरुस्त्या काढल्या. दुसरीत काही जुने बूट मॅनेजर काळ्या यादीत टाकले. सगळे टाकणं शक्य नव्हतं, कारण मग लोकांच्या कपाटातल्या विंडोजच्या डिस्का, रिकव्हरीचे भाग, जुने बॅकअप, हे सगळंच सुरू व्हायचं थांबलं असतं. एकदा खरी सही केलेली फाईल जगात गेली की ती परत बोलावणं किती जड असतं, हे यातून कळतं. मालकाला दार बंद ठेवलं की दार बंदच राहतं, असं नाही.

त्यानंतर टेग्रा ३ आणि टेग्रा ४ च्या फर्मवेअरमध्ये आणखी एक भगदाड सापडलं. सिक्युअर बूटच्या याद्या सांभाळणारा भाग या चिपमध्ये ट्रस्टझोन नावाच्या वेगळ्या सुरक्षित कप्प्यात चालतो. बाहेरची सिस्टिम त्याला विनंती करते, तो सही तपासून यादी बदलतो किंवा नकार देतो. या विनंत्या हाताळताना त्याच्याकडून चूक होत होती. `Yahallo` हे साधन तिचा फायदा घेऊन सिक्युअर बूट बंद करतं. म्हणजे क्रम असा लागला : धोरणाच्या चुकीमुळे स्वतःची `.efi` फाईल चालवता येते, त्या फाईलने ट्रस्टझोनची चूक गाठायची, आणि मग सुरुवातीला नापास झालेली आपली `BOOTARM.EFI` चालते. हे करण्याआधी एक गोष्ट विसरू नये. या टॅबलेटची साठवण एन्क्रिप्ट केलेली असते आणि बूटची मांडणी बदलली की विंडोज रिकव्हरी की मागू शकते. ती मिळाली नाही तर आतले फोटो गेले म्हणून समजा.

कुलूप उघडलं म्हणजे लिनक्स चढलं, असं मात्र इथे होत नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतं ते हेच. इंटेल पीसीवर हार्डवेअर आपली माहिती ठरलेल्या तक्त्यांतून स्वतः सांगतं, त्याला एसीपीआय म्हणतात. सरफेस आरटीमध्येही एसीपीआयच आहे. पण लिनक्स एसीपीआय वाचतं ते ६४ बिटांच्या एआरएमवर, ३२ बिटांच्या नाही. तिथे त्याला डिव्हाइस ट्री नावाची वेगळी फाईल लागते : पडदा कोणत्या तारेला, टचचा कंट्रोलर कुठे, बॅटरीची माहिती कोणत्या पत्त्यावर, असा सगळा नकाशा. हा नकाशा प्रत्येक मॉडेलसाठी कोणीतरी हाताने लिहावा लागतो. तो लिहायचा तर फाईल बदलायची, बूट करायचं, पडदा काळा राहिला की पुन्हा बदलायचं, असं शेकडो वेळा करावं लागतं. ज्या यंत्रावर एकदाही बूट करता येत नाही तिथे हे काम सुरूच होत नाही. टॅबलेट नवा होता, लोकांना उत्साह होता, तेव्हा दार बंद होतं. दार उघडलं तोवर यंत्र चार वर्षं जुनं झालेलं होतं. तरी काही हौशी लोकांनी नकाशे लिहिले आणि त्यावर लिनक्स चालवून दाखवलं.

नंतरच्या काळात एआरएम लॅपटॉपांबाबत मायक्रोसॉफ्ट सैल झालं. लेनोव्होचा थिंकपॅड एक्स१३एस हा स्नॅपड्रॅगनवाला लॅपटॉप घ्या : त्यात सिक्युअर बूट बंद करता येतं आणि त्यावर लिनक्स चालतं. पण दुसऱ्या बाजूला, २०१५ मध्ये विंडोज १० च्या वेळी इंटेल यंत्रांसाठीची जुनी सक्ती काढून घेतली गेली. सिक्युअर बूट बंद करण्याची सोय द्यायची की नाही हे आता यंत्र बनवणाऱ्यावर आहे. बहुतेक कंपन्या अजून देतात, पण त्यांना तसं बांधणारी अट राहिलेली नाही. शिवाय २०२२ पासून काही लॅपटॉप इतरांसाठीचं ते दुसरं प्रमाणपत्र बंद ठेवूनच येतात. त्यांच्या मेनूत ते चालू करण्याचा पर्याय असतो. न शोधता उबंटूचा पेनड्राइव्ह लावला तर मात्र यंत्र कुलूपबंदच वाटतं.

म्हणून यंत्र घेण्याआधी पाहून घ्यावं, विशेषतः लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीतून जुनं घेत असाल तर. विंडोज चालू असेल तर पॉवरशेल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि हे दोन आदेश द्या :

```
Confirm-SecureBootUEFI
[System.Text.Encoding]::ASCII.GetString((Get-SecureBootUEFI db).bytes) -match 'Microsoft Corporation UEFI CA 2011'
```

पहिल्याचं उत्तर `True` आलं तर सिक्युअर बूट चालू आहे. दुसऱ्याचं `True` आलं तर इतरांच्या सह्या मानणारं प्रमाणपत्र यादीत आहे आणि उबंटूसारख्या सिस्टिमला वाट आहे. नव्या यंत्रांत याच कामाचं `Microsoft UEFI CA 2023` हे प्रमाणपत्र असू शकतं, तेव्हा `False` आलं तर शेवटचं नाव बदलून एकदा पुन्हा बघा. यंत्रावर लिनक्स असेल तर एवढं पुरतं :

```
mokutil --sb-state
```

या आदेशांवरून आजची स्थिती कळते. ती बदलता येते का, हे कळायला रीस्टार्ट करून मेनूतच जावं लागतं. तिथे सिक्युअर बूटची ओळ दिसत असेल आणि तिच्यावर जाऊन `Disabled` निवडता येत असेल तर प्रश्न मिटला. ओळ पुसट दिसत असेल तर लगेच आशा सोडू नका. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपांत मेनूचा सुपरवायझर पासवर्ड ठेवल्याशिवाय ही ओळ हाती लागतच नाही. पासवर्ड ठेवा, ओळ जिवंत होते. काम झालं की पासवर्ड काढून टाका किंवा नीट लिहून ठेवा. यंत्र आधी एखाद्या ऑफिसचं असेल तर तो पासवर्ड त्यांनीच लावलेला असतो आणि मेनू आपल्याला आत घेत नाही. अशा वेळी विकणाऱ्यासमोरच मेनू उघडायला सांगावा आणि पासवर्ड काढून घेतल्यावरच पैसे द्यावेत. आणि पासवर्ड नसतानाही, काहीही केलं तरी ती ओळच कुठे सापडत नसेल, तर त्या यंत्रावर जी सिस्टिम आज आहे तीच शेवटपर्यंत राहणार असं धरून किंमत ठरवावी.